शाळेत नेमकं काय शिकवतात? पाठ्यक्रम आणि अभ्यासक्रम यांतला फरक वहीतून कसा ओळखायचा

यंदा महालक्ष्म्यांना माझी धाकटी बहीण माहेरी आली, ती भाच्याची गणिताची वही पिशवीत घालूनच. तालुक्याच्या गावातल्या एका खाजगी शाळेत तो पाचवीला, सेमीच्या वर्गात. "दादा, शाळा म्हणते सिलॅबस पूर्ण झालाय. चाचणीत वीसपैकी सतरा आलेत. पण लेकराला साधा हिशोब विचारला की गडबडतंय. हे काय शिकवायलेत, मला काही कळना गेलंय."

मी परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर एकवीस वर्षं शिकवतोय. हा प्रश्न पालकांकडून दरवर्षी येतो, आणि बहुतेक वेळा शाळा खोटं बोलत नसते. सिलॅबस खरोखरच पूर्ण झालेला असतो. पालक विचारतात अभ्यासक्रमाबद्दल आणि शाळा उत्तर देते पाठ्यक्रमाबद्दल, तिथे गाडी अडते. त्या दिवशी बहिणीबरोबर बसून जे केलं ते इथे क्रमाने लिहितो. एक विषय, एक धडा आणि एक वही एवढंच लागतं.

आधी शब्द नीट लावून घ्या

पाठ्यक्रम म्हणजे एका इयत्तेत एका विषयात कोणते घटक घ्यायचे त्याची यादी. यालाच आपण सिलॅबस म्हणतो. शिक्षक 'पोर्शन' म्हणतात तो त्या यादीचा परीक्षेपुरता तुकडा. पाचवीच्या गणितात अपूर्णांक, कोन, वर्तुळ, दशांश अपूर्णांक, परिमिती व क्षेत्रफळ असे घटक आहेत, ही झाली यादी.

अभ्यासक्रम त्याहून मोठा असतो. हे घटक का घ्यायचे, कोणत्या वयात, कोणत्या भाषेतून, किती तासिकांत, कोणत्या कृती करून, आणि शेवटी मुलाला काय करता आलं पाहिजे व ते कसं तपासायचं, हे सगळं त्यात येतं. चित्रकलेचा तास, कार्यानुभव, खेळ, परिपाठसुद्धा अभ्यासक्रमातच आहेत, जरी त्यांचा पेपर नसला तरी.

घोळ असा की मराठीत आपण दोन्हींना सर्रास 'अभ्यासक्रम' म्हणतो. "अभ्यासक्रम संपला" असं सर सांगतात तेव्हा त्यांना यादी संपली असं म्हणायचं असतं.

माझे आजोबा निजामाच्या राजवटीत शिकले. बेरीज, गुणाकार, व्याज, त्रैराशिक हेच त्यांचंही गणित, पण सगळं उर्दूतून. घरी मराठी, शाळेत उर्दू. पाठ्यक्रम जवळपास तोच, अभ्यासक्रम मात्र सर्वस्वी वेगळा, कारण मूल कोणत्या भाषेतून विचार करणार हे तिथे आधीच ठरलेलं होतं. आजचं सेमी त्याच जातीचं आहे. भाच्याच्या वर्गात आणि माझ्या वर्गात गणिताची यादी अगदी एकच आहे. तो मात्र 'न्यूमरेटर, डिनॉमिनेटर' म्हणतो आणि माझी मुलं 'अंश, छेद' म्हणतात. हा फरक कुठल्याही सिलॅबसच्या कागदावर दिसत नाही.

पहिली पायरी: शाळा कोणाचा अभ्यासक्रम चालवते ते विचारा

शाळेच्या फाटकावरचा बोर्ड वाचून हे ठरवू नका. आपल्याकडे तालुक्याच्या गावांत 'सीबीएसई पॅटर्न' लिहिलेल्या पाट्या पुष्कळ दिसतात. पॅटर्न म्हणजे संलग्नता नव्हे. मुख्याध्यापकांना सरळ विचारा: "सर, आमचं लेकरू इथून दहावीची परीक्षा कोणत्या मंडळाची देईल?" उत्तर 'राज्य मंडळ' असेल, म्हणजे आपल्याकडे लातूर किंवा छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळ, तर शाळा राज्याची आहे. मग वर्गात कोणत्याही प्रकाशकाचं चकचकीत पुस्तक असो. अशा ठिकाणी आठवीपर्यंत एक पुस्तक आणि नववीला अचानक बालभारतीचं, असा खड्डा पडू शकतो. केंद्रीय मंडळाची शाळा असेल तर तिच्याकडे संलग्नता क्रमांक असतो. तो मागा आणि मंडळाच्या संकेतस्थळावर शाळेचं नाव जुळतं का ते पाहा. फक्त यू-डायस क्रमांक दाखवला तर त्यावर थांबू नका. तो अकरा अंकी क्रमांक महाराष्ट्रात २७ ने सुरू होतो आणि शाळा कोणत्याही मंडळाची असली तरी तिला मिळतो.

भाच्याची शाळा राज्य मंडळाची, पुस्तक बालभारतीचं. त्यामुळे पुढचं काम सोपं झालं.

दुसरी पायरी: एकच घटक निवडा आणि पुस्तकाची सुरुवातीची पानं वाचा

सगळे विषय एकदम तपासायला गेलात तर दोन दिवसांत कंटाळाल. एक घटक घ्या, आणि असा घ्या ज्यावर पुढचं बरंच उभं आहे. पाचवीला मी अपूर्णांक निवडतो. तो कच्चा राहिला की दुसऱ्या सत्रात दशांश अपूर्णांक अडतो, पुढे शेकडेवारी अडते, सातवी-आठवीत बीजगणित अडतं.

आता पुस्तक उघडा. धड्यापासून नव्हे, अगदी पहिल्या पानांपासून. बालभारतीच्या पुस्तकांत प्रस्तावनेच्या आसपास 'अध्ययन निष्पत्ती' या नावाचा तक्ता छापलेला असतो. पालक तो कधी वाचत नाहीत, कारण तो शिक्षकांसाठी आहे असं वाटतं. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे. तक्त्यात दोन रकाने असतात. एकात मुलांना कोणते अनुभव द्यावेत ते, दुसऱ्यात मुलाला शेवटी काय यावं ते. दुसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक ओळीला क्रमांक असतो. पाचवीच्या गणितात तो ०५.७१ ने सुरू होतो: आधी इयत्ता, मग विषय, मग निष्पत्तीचा अनुक्रम. पुस्तक हाताशी नसेल तर `ebalbharati.in` वर त्याची पीडीएफ मोफत मिळते.

अनुक्रमणिका म्हणते 'अपूर्णांक', एवढा एकच शब्द. निष्पत्तीची ओळ म्हणते की मूल दिलेल्या अपूर्णांकाचे सममूल्य अपूर्णांक ओळखतं आणि तयार करतं. दुसरी ओळ म्हणते की एखाद्या समूहाचा भाग म्हणजे किती हे मूल शोधतं, उदाहरणार्थ २० पेरूंचा पाव भाग किती. पहिली गोष्ट पाठ्यक्रमाची, पुढच्या दोन अभ्यासक्रमाच्या. अनुक्रमणिकेतला शब्द फळ्यावर लिहून पुसला तरी 'झाला' म्हणता येतो. निष्पत्ती मुलाने करून दाखवल्याशिवाय झाली म्हणता येत नाही.

त्या दोन-तीन ओळी वहीच्या मागच्या पानावर उतरवून घ्या. यापुढे शाळेत जे बोलायचं ते या ओळींवर बोट ठेवून.

तिसरी पायरी: नियोजन आणि वही शेजारी ठेवा

जूनमध्ये शाळा सुरू होताना प्रत्येक शिक्षक वार्षिक नियोजन करतो. कोणत्या महिन्यात कोणता घटक आणि त्याला किती तासिका, असा तो तक्ता असतो. त्यावरून मासिक नियोजन आणि रोजचं टाचण निघतं. पालक सभेला "मॅडम, गणिताचं वार्षिक नियोजन बघायला मिळेल का?" असं विचारलं तर बहुतेक शिक्षक दाखवतात. नाही दाखवलं तर वाद घालू नका, वहीवरून काम होतं.

बहिणीने विचारलं आणि मॅडमनी मोबाईलवर फोटो काढू दिला. अपूर्णांकाला १६ तासिका. वर्गाच्या वेळापत्रकात गणिताच्या आठवड्याला ६ तासिका, म्हणजे या घटकाला पावणेतीन आठवडे जायला हवे होते.

आता वही. मजकूर नंतर पाहा, आधी फक्त तारखा. अपूर्णांकाची पहिली तारीख एका बुधवारची, शेवटची पुढच्या सोमवारची. मधल्या रविवारचा खाडा धरून वहीत पाच दिवसांच्या तारखा होत्या. सोळाच्या जागी पाच.

मग मजकूर. दहा पानं सुबक अक्षरात, चौकटी आखलेल्या, प्रत्येक उदाहरणावर लाल शाईची बरोबरची खूण. सगळ्या पानांवर मिळून एकही खाडाखोड नाही. बहीण म्हणाली, "वही किती स्वच्छ आहे बघ." मला तीच गोष्ट खटकली. दहा वर्षांचं मूल भिन्नच्छेद अपूर्णांकांची बेरीज पहिल्यांदा स्वतः करतं तेव्हा चुकतंच. कधी छेद चुकतो, कधी अंशाला गुणायचं राहतं. वर्गात केलेल्या वहीत त्या चुका दिसल्या पाहिजेत, आणि त्यांच्या खाली दुरुस्ती. एकही चूक नसलेली वही बहुतेक वेळा फळ्यावरून उतरवलेली असते. खात्री करायची असेल तर वर्गातल्या दुसऱ्या एका मुलाची वही पाहा. शेजारच्या मुलीची आणली, तर उदाहरणं, मांडणी, अगदी रेघा मारायची जागासुद्धा तीच.

मराठीच्या वहीत हेच 'स्वमत' या प्रश्नात सापडतं. स्वमत म्हणजे मुलाचं स्वतःचं मत, आणि चार वह्यांत तेच वाक्य असेल तर ते मत गाईडातलं आहे.

इथे एक मर्यादा सांगायलाच हवी. वहीत सगळं शिकवणं उमटत नाही. चांगला शिक्षक कागदाच्या पट्ट्या घड्या घालून, दोरीला गाठी मारून, तोंडी प्रश्न विचारून दोन-तीन तासिका घालवतो आणि वहीत काहीच नसतं. म्हणून कमी तारखा दिसल्या की लगेच निष्कर्ष काढू नका. मुलाला विचारा: "अपूर्णांक शिकताना वर्गात काय काय हातात घेतलं?" भाच्याचं उत्तर होतं, "वही."

चौथी पायरी: मुलाला स्वतः तपासा, पण परीक्षेसारखं नाही

चार प्रश्न पुरतात. पहिला वहीतलाच, फक्त आकडे बदललेले. दुसरा तोच, पण वस्तूवर. तिसरा तुलनेचा. चौथा उत्तर पटतं का ते विचारणारा.

भाच्याच्या वहीत २/३ + १/४ = ११/१२ असं बरोबर सोडवलेलं होतं. मी कोऱ्या कागदावर १/२ + १/४ दिलं. त्याने झरकन २/६ लिहिलं, अंशात अंश, छेदात छेद मिळवून. ही या घटकातली सगळ्यात नेहमीची चूक. कागद बाजूला ठेवला. जेवायची वेळ झालीच होती. ताटातली भाकर मोडली आणि विचारलं, "अर्धी भाकर खाल्ली, वरून पाव खाल्ली, किती झाली?"

"पाऊण," तो लगेच म्हणाला.

"मग पाऊण म्हणजे २/६ का?"

तो गप्प बसला. मी भाकरीचे सहा तुकडे करून दोन त्याच्यासमोर ठेवले आणि शेजारी अर्धी भाकर ठेवली. त्याने दोन्हींकडे बघितलं. "मामा, हे तर अर्ध्याहून कमी झालं. मिळवल्यावर कमी कसं होईल?"

इथेच सगळं उघड झालं. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा हे त्याला घरातून पक्कं येत होतं. मराठीत अपूर्णांकांना स्वतःची नावं आहेत आणि खेड्यातलं मूल ती शाळेत जायच्या आधीच शिकतं. शाळेतलं 'थ्री अपॉन फोर' आणि घरातलं 'पाऊण' एकच आहे हे मात्र त्याला कोणी जोडून दिलं नव्हतं. सेमीमध्ये ही जोडणी शिक्षकाला मुद्दाम करावी लागते. त्यासाठीच तर सोळा तासिका लागतात.

तुलनेचा प्रश्नही दिला: २/३ मोठा की ३/४? तो म्हणाला, "दोन्हीत एकच कमी आहे, म्हणून सारखे." सममूल्य अपूर्णांक कळले असते तर त्याने दोन्हींचा छेद १२ करून पाहिला असता. मग ८/१२ आणि ९/१२ समोर आले असते. म्हणजे निष्पत्तीची पहिली ओळ आलेली नाही. २० पेरूंचा पाव भाग मात्र त्याने पाच असा बरोबर सांगितला. तेही लिहून ठेवा. काय येत नाही तेवढंच लिहिलं तर शिक्षकाला पुढे काम कुठून सुरू करावं ते कळत नाही.

पाचवी पायरी: प्रश्नपत्रिका वाचा

सतरा गुण आले कसे, ते इथे कळतं. घटक चाचणीत अपूर्णांकावर बारा गुणांचे प्रश्न होते, सगळे 'बेरीज करा', 'वजाबाकी करा', 'रिकाम्या जागा भरा' या धर्तीचे, आणि पाचपैकी चार उदाहरणं वहीतली, त्याच आकड्यांची. चाचणीने पाठांतर मोजलं होतं आणि गुण बरोबरच दिले होते.

प्रश्नपत्रिका हातात आली की प्रत्येक प्रश्नासमोर एक खूण करा: हा वहीत जसाच्या तसा आहे का? निम्म्याहून जास्त प्रश्न तसे असतील तर गुणांवरून मुलाला काय येतं ते कळणार नाही. प्रगतिपत्रकावर 'आकारिक' आणि 'संकलित' असे दोन भाग असतात. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. आकारिक म्हणजे वर्षभर तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, गृहपाठ पाहून दिलेले गुण. आकारिकचे गुण कोणत्या उपक्रमावर दिले, ते विचारा. शिक्षकाला एखादा उपक्रम चटकन आठवला तर तो झालेला आहे.

सहावी पायरी: शिक्षकाशी बोलणं

हे सगळं हातात घेऊन शाळेत तावातावाने जाऊ नका. मी स्वतः त्या खुर्चीत बसतो, म्हणून सांगतो. "तुम्ही नीट शिकवत नाही" असं ऐकलं की शिक्षक बचावाला लागतो आणि पुढचं काही ऐकत नाही. एक कागद न्या. वर निष्पत्तीची ओळ, खाली मुलाने केलेलं उदाहरण, १/२ + १/४ = २/६. आणि एवढंच विचारा: "मॅडम, याचं इथे नेमकं काय अडलंय? घरी आम्ही काय करावं आणि वर्गात कधी पुन्हा होईल?"

बहिणीला मॅडमनी सरळ सांगितलं की घटक चाचणीची तारीख संस्थेकडून ठरून येते, सगळ्या शाखांना एकच. कोन आणि वर्तुळसुद्धा त्याच चाचणीत होते, म्हणून अपूर्णांक पाच दिवसांत उरकावा लागला. त्या खोटं बोलत नव्हत्या. नियोजन त्यांनी सोळा तासिकांचंच केलं होतं, वेळ मात्र दुसऱ्या कोणी ठरवली. अशा वेळी शिक्षकाशी भांडून उपयोग नसतो. विषय मुख्याध्यापकांकडे न्यायचा, तोही चार पालकांनी मिळून: पोर्शन कमी ठेवा किंवा चाचणी पुढे घ्या. शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल तर शाळा व्यवस्थापन समिती आहे, आणि शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार तिच्यात किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात. विनाअनुदानित खाजगी शाळेला ही समिती बंधनकारक नाही. तिथे पालक-शिक्षक संघात बोला. याच कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्यं दिली आहेत. ठरलेल्या वेळेत पूर्ण अभ्यासक्रम शिकवणं आणि मुलाच्या प्रगतीबद्दल पालकांशी नियमित बैठक घेणं, दोन्ही त्यात आहेत. प्रगती विचारायला गेलेला पालक शिक्षकावर उपकार मागत नसतो, हे माहीत असलेलं बरं.

वेळापत्रकाकडेही एक नजर

वर्गाच्या दारावर लावलेलं वेळापत्रक उतरवून घ्या आणि मुलाला आठवड्याच्या शेवटी विचारा की कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षणाच्या तासिकांना काय झालं. "गणिताचे सर आले होते" हे उत्तर दोन-तीनदा आलं तर अभ्यासक्रमाचा एक भाग कागदावरच आहे. सिलॅबस मागितला तर हे कधीच दिसणार नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या भागासाठी. बीड, धाराशिव, जालना, परभणीकडून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास निघतात आणि मार्चपर्यंत परततात. तेवढ्यात दुसरं सत्र जवळजवळ संपतं. मूल हंगामी वसतिगृहात राहणार असेल तर ठीक. सोबत जाणार असेल तर निघायच्या आधी शिक्षकांकडून दुसऱ्या सत्राच्या घटकांवर खुणा करून घ्या, पण सगळ्यांवर नको. गणितात 'विभाज्य आणि विभाजक' आणि 'दशांश अपूर्णांक' या दोनच घटकांवर भर द्या. चित्रालेख, आकृतिबंध परतल्यावर आठवडाभरात होतात. हे दोन मात्र सहावीत कोणी पहिल्यापासून शिकवायला थांबत नाही. तिकडच्या शाळेत बसवलं तरी पुस्तक सोबत ठेवा, कारण तिथली यादी तीच असली तरी वर्ग वेगळ्या पानावर असेल.

भाच्याच्या मॅडमनी दिवाळीआधी दोन जादा तासिका घेतल्या, कागदाच्या पट्ट्या घेऊन. बहिणीने परवा वहीचा फोटो पाठवला. १/३ + १/४ समोर आधी २/७ लिहून खोडलेलं आहे, खाली तिरक्या अक्षरात ४/१२ + ३/१२, आणि मग ७/१२. बाजूला त्याने पेन्सिलीने दोन पट्ट्या काढून बारा-बारा घरं पाडली आहेत. एका पट्टीत चुकून तेरा घरं झाली होती, तेरावं खोडलंय.

आता दशांश अपूर्णांक सुरू होईल. बहिणीने वहीच्या मागच्या पानावर त्याची निष्पत्ती उतरवून ठेवली आहे, आणि शेजारी पहिली तारीख लिहायला जागा रिकामी ठेवली आहे.